बिलामागच्या खरड्यातून दुकानाच्या वेळेची सूचना

प्रश्न : आमचं तालुक्याच्या गावात किराणा दुकान आहे. आत्तापर्यंत सकाळी सात ते रात्री नऊ सलग उघडं आणि गुरुवारी बंद असायचं. ऑक्टोबरपासून वेळ बदलतोय. बाबांनी बिलाच्या मागे मजकूर खरडून दिलाय, बिलाच्या दोन्ही बाजूंचे फोटो जोडलेत. मला एवढं लागतंय : "दु. १ ता. पासुन स. ८ ते १ व दु. ४ ते ९ चालु राहिल. मंगळ. बंद. सणाला चालु. गिऱ्हाइकांनी नोंद घ्यावी." काही आकडे नक्की कळत नाहीत आणि एक शब्द खोडलाय. यावरून नीट सूचना लिहून ए-फोर कागदावर छापायची आहे. कशी लिहू?

उत्तर :

टाइप करायला लगेच बसू नका. आधी खरडा पुरता वाचून घेऊ. डीटीपीच्या कामात असे कागद रोज हातात येतात, आणि त्यात भाषेच्या चुकांपेक्षा आकड्यांच्या चुका जास्त नडतात. खरडलेल्या कागदावर आकडा अस्पष्ट असला तर वाचणारा निदान विचारतो. तोच चुकीचा आकडा ठळक टाइपात छापून भिंतीवर लागला की त्यावर सगळे विश्वास ठेवतात आणि बंद शटरसमोर येऊन उभे राहतात.

घाईत लिहिताना बहुतेक दुकानदारांच्या हातून मराठी आणि इंग्रजी आकडे मिसळतात. मग दोन जोड्या हमखास घोळ घालतात. मराठी चारची वरची दोन टोकं जवळ आली की तो इंग्रजी आठसारखा दिसतो. मराठी एक आणि इंग्रजी नऊ तर जवळजवळ सारखेच, वर गोल आणि खाली शेपूट. त्यात मराठी नऊची शेपटी आखूड राहिली की तोही मराठी एकासारखा दिसायला लागतो. दुकानाच्या वेळेत एक, चार, आठ आणि नऊ हे चारही आकडे येऊ शकतात, त्यामुळे "अर्थावरून लागेल" एवढ्यावर भागत नाही.

तुमच्या कागदावर अर्थावरून काही आकडे लागतात. "स." नंतरचा आकडा चार असता तर दुकान पहाटे चारला उघडलं असतं, म्हणजे तो आठच. त्याच ओळीतला पुढचा आकडा नऊ धरला तर दुकान सकाळी जेमतेम तासभर उघडं राहील, म्हणून तो एक. पण "१ ता." चं काय? एक तारीख आणि नऊ तारीख दोन्ही तितक्याच शक्य आहेत. तिथे अर्थ मदतीला येत नाही, अक्षरच बघावं लागतं.

अक्षर बघायला बिलाची पुढची बाजू उपयोगी पडते, कारण तिथले आकडे गुणाकार-बेरजेने पडताळता येतात. तुमच्या फोटोत साखर ५ किलो, दर ४४, रक्कम २२० आहे. पाच गुणिले चव्वेचाळीस दोनशे वीसच होतात, म्हणजे दरातली ती दोन चिन्हं नक्की चार आहेत आणि बाबांचा चार वरून उघडा असतो. खाली तूरडाळ २ किलो, दर १४५, रक्कम २९०. इथे एक आणि नऊ दोन्ही मिळाले, आणि हिशेब जुळतो म्हणून दोन्ही खात्रीचे. नीट बघा : १४५ मधल्या एकची शेपटी सरळ खाली उतरते, २९० मधल्या नऊला डावीकडे छोटा फाटा आहे आणि शेपटी उजवीकडे वळते. एकूण ५१० मधला एकही तसाच सरळ. आता हे मोठं करून मागच्या बाजूच्या "१ ता." शेजारी ठेवा. फाटा नाही, शेपटी सरळ, म्हणून ती एक तारीख.

याच पडताळणीत आणखी एक गोष्ट कळते. सकाळच्या वेळेतला आठ तुम्ही मराठीत उतरवलाय, पण कागदावर तो इंग्रजी आठ आहे, दोन्ही गोल बंद. बाबांचा चार वरून उघडा आणि आठ पूर्ण बंद, म्हणजे "दु." नंतरचा उघडा आकडा चारच.

शेवटचा आकडा मात्र फोटोवरून ठरत नाही. कागदाची घडी बरोबर त्याच्यावरून गेली आहे आणि खालचा भाग गेलाय. आठ नक्की नाही, कारण बाबा आठ इंग्रजीत लिहितात आणि इथे वरचा गोल बंद नाही. नऊ असावा, पण सातही असू शकतो. "आधी नऊच होते, आताही नऊच असणार" असं धरू नका. सकाळची वेळ आणि सुट्टीचा वार दोन्ही बदललेत, तर रात्रीची वेळ बदलली नसेलच असं नाही. हा आकडा बाबांनाच विचारा. मी पुढे ९ धरून लिहितोय.

फोटोबद्दल एवढंच की बिलबुकाचा कागद पातळ असतो आणि पुढच्या बाजूचं लिखाण मागे उमटलेलं दिसतं. "मंगळ." शेजारचे जे दोन आकडे तुम्ही मजकुरात घेतले नाहीत, ते उलटे उमटलेले २२० चे आहेत, सोडले ते बरोबर केलं. पुन्हा फोटो काढायचा झाला तर बिलाखाली काळं पुठ्ठं ठेवा, मागचं उमटणं बरंच कमी होईल. खिडकीजवळच्या उजेडात, मोबाइल कागदाला समांतर धरून काढा.

आता संक्षेप. "दु." दोनदा आलंय आणि दोन्ही ठिकाणी अर्थ वेगळा आहे. सुरुवातीचं "दु." म्हणजे दुकान, दुसरं म्हणजे दुपारी. पहिलंही दुपारी धरलं तर वाक्य "दुपारी १ पासून" असं वाचलं जातं आणि मधलं "ता." निसटतं. बाबांना स्वतःचा संक्षेप कळतो, वाचणाऱ्याला नाही. म्हणून छापील सूचनेत वेळेचा एकही शब्द तोडायचा नाही. सकाळी, दुपारी, रात्री हे पूर्ण लिहा. "सा." तर मुळीच नको, तो सायंकाळी आहे की साप्ताहिक हे वाचणाऱ्याला ठरवत बसावं लागतं.

खोडलेला शब्द फोटो उजळ केल्यावर दिसतो, "गुरू" असा. सवयीने गुरुवार लिहायला घेतला आणि आठवल्यावर खोडून मंगळवार केला, असं मला वाटतं. पण या खोडण्यातून एक मोठी गोष्ट समजते. सुट्टीचा वार बदलतोय, आणि खरड्यात फक्त नवा वार आहे. वर्षानुवर्षं गुरुवारी न येणाऱ्या माणसाला "मंगळवारी बंद" एवढंच वाचून आता दोन दिवस बंद असतं असं वाटू शकतं. त्यामुळे गुरुवारी दुकान सुरू राहील हे वेगळं लिहायलाच हवं. खरड्यात नसलेली पण सूचनेत हवीच अशी ही एक ओळ.

दुसरी अशीच ओळ दुपारच्या सुट्टीची. दोन वेळा दिल्या की मधली वेळ बंद हे उघड आहे, असं लिहिणाऱ्याला वाटतं. पण तुमचं दुकान आत्तापर्यंत सलग उघडं असायचं. जेवण उरकून दोन वाजता तेल न्यायला येणारा माणूस वेळा वाचत नाही, तो "बंद" हा शब्द शोधतो. म्हणून "दुपारी १ ते ४ बंद" हे सरळ लिहा. काही महिन्यांनी सगळ्यांना सवय झाली की ही ओळ काढून टाकता येईल.

"सणाला चालु" या दोन शब्दांत मात्र बरंच काही अडकलंय. कोणता सण? सण मंगळवारी आला तरच, की सणाच्या दिवशी दुपारीसुद्धा? कॅलेंडर उघडा. १ ऑक्टोबर २०२५ बुधवारी आहे. दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी २ ऑक्टोबरला दसरा. जुन्या हिशेबाने गुरुवार म्हणजे सुट्टी, नव्या हिशेबाने दुकान उघडं, म्हणजे नव्या वेळापत्रकातला पहिलाच गुरुवार सणाचा आहे. पुढे लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला, आणि त्या दिवशी मंगळवार! बाबांच्या डोक्यात बहुधा हाच मंगळवार आहे. दिवाळीत किराणा दुकान बंद ठेवणं कुणालाच परवडत नाही. पण त्या संध्याकाळी दुकानातही पूजा असते. मग नऊपर्यंत माल मिळणार की पूजेआधी शटर ओढणार? हे बाबांनाच ठरवावं लागेल.

माझं मत असं की सणाचा उल्लेख मुख्य सूचनेत घालू नये. नवी वेळ कायमची आहे आणि सणाची सवलत एका दिवसाची. दोन्ही एका कागदावर आल्या की दिवाळीनंतर सूचना शिळी दिसते आणि तिच्यातल्या वेळांवरचाही विश्वास उडतो. दिवाळीच्या आठवडाभर आधी वेगळी पट्टी लावा :

मंगळवार, २१ ऑक्टोबर
लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुकान सुरू राहील.

खाली त्या दिवसाची वेळ लिहा आणि २२ तारखेला पट्टी काढून टाका.

म्हणजे मुख्य सूचनेसाठी बाबांना विचारायचं एवढंच : रात्री नऊ की सात, आणि मंगळवारची सुट्टी एक तारखेनंतरच्या पहिल्याच मंगळवारी, म्हणजे ७ ऑक्टोबरला सुरू होते ना. हे दुसरं विचारणं महत्त्वाचं आहे, कारण काही दुकानदार वेळ आधी बदलतात आणि वार पुढच्या महिन्यात. बाबांनी हो म्हटलं तर शेवटचा सुट्टीचा गुरुवार २५ सप्टेंबर ठरतो. त्याच दिवशी सूचना आधीच लागलेली असेल तर त्या दिवशी परत जाणाऱ्यांनाही ती वाचायला मिळेल.

आता शुद्धलेखन. खरड्यात "पासुन", "राहिल", "चालु" असं आहे. इतक्या छोट्या मजकुरात दोनच नियम लागतात, आणि ते मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखनविषयक नियमांत आहेत. मराठी शब्दाचं शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीच्या अक्षराचा इकार किंवा उकार दीर्घ लिहायचा. म्हणून पासून आणि राहील. आणि शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ, म्हणून चालू, सुरू. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द समासात आधी आले की वेगळे वागतात, म्हणूनच गुरुवारातला "रु" ऱ्हस्व. "गिऱ्हाइकांनी" हे बाबांनी अगदी बरोबर लिहिलंय : गिऱ्हाईक दीर्घ, पण प्रत्यय लागला की तो ऱ्हस्व होतो. बरेच शिकलेले लोक इथे अडखळतात.

"पासून" हा शब्द जोडून लिहा. "१ ऑक्टोबर पासून" असं सुटं लिहिलं आणि ओळ नेमकी तिथेच तुटली की "पासून" एकटंच खालच्या ओळीत लोंबकळतं. "१ ऑक्टोबरपासून" असं सलग लिहिलं की तुटत नाही. खरड्यातलं "ता." काढून महिन्याचं नाव घाला, कारण नुसती "१ तारखेपासून" ही सूचना २५ सप्टेंबरला वाचली तर चालेल, पण ३ ऑक्टोबरला वाचणारा पुढच्या महिन्याची एक तारीख समजेल. तारखेआधी वारही लिहा. वार आणि तारीख जुळली नाही तर छापण्याआधी चूक लगेच दिसते.

खरडा सरळ टाइप केला तर असा होईल :

"सर्व ग्राहकांना कळविण्यात येते की, बुधवार, १ ऑक्टोबरपासून दुकान सकाळी ८ ते दुपारी १ व दुपारी ४ ते रात्री ९ या वेळेत सुरू राहील. दर मंगळवारी दुकान बंद राहील. तरी सर्व ग्राहकांनी याची नोंद घ्यावी, ही विनंती."

यात चूक एकही नाही. पण ही कचेरीच्या नोटीस बोर्डवरची भाषा आहे, बाकावर बसून वाचायची. दुकानासमोर माणूस हातात पिशवी घेऊन, कधी गाडी चालू ठेवून, दोन-तीन सेकंद वाचतो. त्याला वाक्याच्या मध्ये शिरून वेळ शोधायला लावू नका. वेळा वाक्यातून बाहेर काढून स्वतंत्र ओळींत ठेवा :

दुकानाची वेळ बदलत आहे
बुधवार, १ ऑक्टोबरपासून

सकाळी ८ ते दुपारी १
दुपारी ४ ते रात्री ९

दुपारी १ ते ४ दुकान बंद राहील.

साप्ताहिक सुट्टी : मंगळवार
गुरुवारी दुकान सुरू राहील.

आणि सगळ्यात खाली दुकानाचं नाव. काही गोष्टी मी जाणूनबुजून सोडल्या आहेत. मथळ्यात नुसतं "सूचना" लिहिलं नाही, कारण तो शब्द प्रत्येक भिंतीवर असतो आणि वाचणारा त्यावरून नजर काढून घेतो. मथळ्यातच बदल झाल्याचं कळलं तर तो खालच्या ओळीकडे जातो. "नोंद घ्यावी", "सहकार्य करावे" हेही काढलं. वेळ वाचली की नोंद आपोआप घेतली जाते, आणि त्या जागेत वेळेचा टाइप मोठा करता येतो. बाबांना नम्रतेची ओळ हवीच असेल तर दुकानाच्या नावाच्या वर लहान टाइपात "आपली गैरसोय होऊ नये म्हणून आधी कळवत आहोत" एवढं पुरे. वेळ का बदलली हे लिहू नका. ज्याला विचारायचंय तो गल्ल्यावर विचारेल, आणि तिथे सांगणंच जास्त बरं.

वेळेआधी दोन्ही बाजूंना शब्द ठेवलेत, "सकाळी ८ ते दुपारी १", नुसतं "सकाळी ८ ते १" नाही. थोडी जागा जाते, पण "१" च्या मागे "दुपारी" असलं की तो एक आहे की नऊ ही शंकाच उरत नाही. आकडे सगळीकडे मराठीच ठेवा. औद्योगिक वसाहतीजवळचं दुकान असतं आणि मराठी आकडे न येणारे कामगार बरेच असते, तर सगळीकडे इंग्रजी आकडे ठेवा असं मी म्हटलं असतं. कोणतेही चालतील, पण मिसळ नको. तुमच्या खरड्यात इंग्रजी आठ होता, तो तसाच उतरला तर शेजारच्या मराठी चारसोबत पुन्हा तोच गोंधळ.

उभा ए-फोर, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर, या मजकुराला पुरतो. चारही बाजूंना १५ मिलिमीटर कोरी जागा सोडा. वेळेच्या दोन ओळी ६० पॉइंटमध्ये ठळक, मथळा ४८, तारीख ३४, "साप्ताहिक सुट्टी" ४०, बाकीच्या ओळी ३२ आणि दुकानाचं नाव २६. या मापात वेळेची ओळ एका ओळीत बसते आणि सात-आठ फुटांवरून आरामात वाचता येते. रस्त्याच्या पलीकडून दिसायला हवी असेल तर मजकूर न वाढवता ए-थ्री घ्या. ए-फोरमध्येच टाइप फुगवून दाटीवाटी केली की लांबून ओळी एकमेकींत मिसळतात, कारण देवनागरीला वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार असतात. ओळींमध्ये टाइपाच्या निम्म्याएवढी तरी मोकळी जागा राहू द्या.

टाइप साधा घ्या. Mukta किंवा Noto Sans Devanagari फुकट मिळतात, दोन्ही युनिकोड आहेत आणि ठळक रूपात चांगले दिसतात. लग्नपत्रिकेचा वळणदार टाइप टाळा, त्यात एक आणि नऊ पुन्हा जवळ येतात. वर्डमध्ये "दुपारी" आणि "१" यांच्यामध्ये नेहमीच्या स्पेसऐवजी Ctrl+Shift+Space दाबा, म्हणजे शब्द एका ओळीत आणि आकडा दुसऱ्या ओळीत असं होणार नाही. "सुट्टी" नंतर विसर्ग टाइप होतोय का ते बघा. अपूर्णविराम आणि विसर्ग दिसायला सारखेच असतात. आधी एक स्पेस सोडून अपूर्णविराम दिला की तो अक्षराला चिकटत नाही.

गावातल्या डीटीपीवाल्याकडून छापून घेणार असाल तर व्हॉट्सअॅपवर नुसता मजकूर पाठवून मोकळे होऊ नका. बऱ्याच ठिकाणी अजून जुन्या फॉन्टवर काम चालतं. तुमचा युनिकोड मजकूर तिथे उतरत नाही, मग ते पाहून पुन्हा टाइप करतात आणि आपण निस्तरलेली प्रत्येक गोष्ट पुन्हा बिघडू शकते. जुन्या कोरलड्रॉमध्ये मजकूर उतरला तरी पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते आणि जोडाक्षरं सुटतात. तुमच्या सूचनेत हे लगेच दिसणारं ठिकाण "साप्ताहिक" : "प्त" जोडलेला हवा आणि "हि" ची वेलांटी "ह" च्या आधी. "रात्री" मधला "त्र" ही बघा. वर्डमध्ये तयार करून पीडीएफ न्या आणि "हेच छापा" म्हणा, हे सर्वांत सोपं. पुन्हा टाइप झालंच तर आधी एक प्रत काढून घ्या. ती वाचताना शब्द वाचू नका, खरड्यावरचे आणि प्रतीवरचे आकडे एकेक करून बोट ठेवून जुळवा.

छापण्याआधी आणखी एक करा. प्रत अशा माणसाला दाखवा ज्याला बदल माहीत नाही, तीन सेकंदांनी कागद पालथा घाला आणि विचारा, "गुरुवारी दुपारी दोनला दुकान उघडं असेल का? आणि गुरुवारी पाचला?" पहिल्याला नाही आणि दुसऱ्याला हो असं उत्तर आलं तर सूचना लागू पडली. दुसऱ्यालाही नाही आलं, तर गुरुवारची ओळ लहान पडतेय, ती ४० पॉइंट करा.

छपाई लेझरवर काळ्या शाईत करून घ्या. इंकजेटची शाई ओल लागली की फुटते, आणि ऑक्टोबरात परतीचा पाऊस असतोच. लाल रंग लांबून उठून दिसतो खरा, पण उन्हात तोच आधी उडतो. वेळा लाल केल्या तर दोन-तीन महिन्यांत नेमक्या वेळाच फिक्या पडतील. लॅमिनेशन करा, आणि कागदाबाहेर प्लास्टिकची कड थोडी रुंद ठेवायला सांगा, म्हणजे चिकटपट्टी कागदावर न येता कडेवर बसेल.

लावायची जागा नीट निवडा, कारण सूचना सगळ्यात जास्त लागते ती दुकान बंद असताना. गल्ल्यावर किंवा आतल्या काचेवर लावली तर दुपारी दोनला ती शटरमागे गेलेली असते. शटरवरच चिकटवली तर रोज गुंडाळताना चुरगळते आणि दुकान उघडं असताना दिसत नाही. शटरशेजारच्या खांबावर, साधारण पाच फूट उंचीवर लावा. दुसरी प्रत गल्ल्याजवळ ठेवा, पैसे देताना माणूस तिथे थांबतो. सकाळी सातला दूध-पाव न्यायला येणाऱ्यांना मात्र कागदावर सोडू नका. दुकान आठला उघडणार, म्हणजे सगळ्यात जास्त अडचण त्यांचीच. त्यांना आठवडाभर तोंडी सांगा.

१ ऑक्टोबरला सकाळी शटर उघडण्याआधी जुन्या फलकावरची "गुरुवार बंद" ही ओळ रंगवून किंवा पट्टी चिकटवून झाका. दोन वार एकाच वेळी दिसले तर माणूस जुन्या, रंगवलेल्या ओळीवरच विश्वास ठेवतो. गूगल मॅपवर दुकान असेल तर तिथल्या वेळा त्याच दिवशी बदला, दुपारची सुट्टी दोन वेगळ्या वेळांच्या जोड्या करून भरा आणि मंगळवार "बंद" करा. आणि मथळ्यातलं "बदलत आहे" महिनाभराने जुनं होतं, तेव्हा तेवढी ओळ बदलून "दुकानाची वेळ" अशी नवी प्रत काढा. तारखेची आणि गुरुवारची ओळ तेव्हा गळली तरी चालेल.